कोणता शाबान? : सन, शक आणि शतके यांचा क्रम कसा लावावा

आदरणीय उमर फारूक (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांच्यासमोर एक दस्तऐवज आला. त्यावर केवळ ‘शाबान’ एवढेच लिहिलेले होते. त्यांनी विचारले, ‘कोणता शाबान? मागचा, चालू वर्षाचा की येणारा?’ बसऱ्याचे राज्यपाल अबू मूसा अशअरी (रजि.) यांचीही तक्रार होती की, खलिफांकडून येणाऱ्या पत्रांवर काळाचा उल्लेख नसल्याने कोणता हुकूम आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळत नाही. या अडचणीतून हिजरतीच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी सहाबांच्या सल्लामसलतीने हिजरी सन निश्चित झाला. हिजरत रबीउल अव्वल महिन्यात घडली असली तरी वर्षाचा आरंभ मुहर्रमपासून धरण्यात आला.

या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घ्यावी. आदरणीय उमर (रजि.) यांच्यापुढचा प्रश्न ‘हे किती वर्षांपूर्वीचे’ असा नव्हता, ‘आधी काय आणि नंतर काय’ असा होता. हदीसच्या विद्वानांनीही हीच कसोटी वापरली. एखाद्याने अमुक गुरूकडून ऐकल्याचे सांगितले, तर ते गुरूच्या मृत्यूचे आणि सांगणाऱ्याच्या जन्माचे वर्ष शेजारी ठेवून पाहत. जन्म मृत्यूच्या नंतरचा निघाला की कथन बाजूला पडे. तेथे दोन्ही वर्षे एकाच सनातील असत. आपल्या गावांचा इतिहास लिहिताना मात्र एक आकडा शकाचा, दुसरा हिजरीचा, तिसरा इसवीचा असतो आणि चौथ्या ठिकाणी नुसते ‘तेराव्या शतकात’ म्हटलेले असते. अशा वेळी क्रम कसा लावावा, हे आपण वर्धा जिल्ह्याच्याच उदाहरणावरून पाहू.

आकड्यांचा फसवा क्रम

वाचकांनी सहा चिठ्ठ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीवर जिल्ह्याच्या इतिहासातील एक गोष्ट जशी नोंदली गेली आहे तशीच लिहावी.

पहिली : आर्वी भागातील बेलोरा येथे सापडलेले वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट, वर्ष ११.
दुसरी : देवळी येथे सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट, वर्ष ८६२.
तिसरी : आष्टी येथील नवाब मुहम्मद खान नियाझी यांचा मृत्यू, वर्ष १०३७.
चौथी : त्याच आष्टीत शेजारच्या मकबऱ्यात विसावलेले अहमद खान यांचा मृत्यू, वर्ष १०६१.
पाचवी : गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचे वास्तव्य, परंपरेनुसार १२४४ च्या सुमारास.
सहावी : नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा झाला, वर्ष १८६२.

ही यादी आकड्यांच्या चढत्या क्रमाने आहे आणि पाहणाऱ्यास ती नीटनेटकी वाटते. तिच्यावर विश्वास ठेवला तर आष्टीचे नवाब गिरडच्या बाबांच्या दोनशे वर्षे आधी होऊन गेले असे म्हणावे लागेल. वस्तुतः ते बाबांच्या सुमारे पावणेचारशे वर्षांनंतरचे आहेत. चूक आकड्यांत नाही. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर आहे. चूक एवढीच की चार वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या लांब्या आपण एकाच फुटपट्टीच्या समजलो.

म्हणून पहिला नियम असा : आकड्यासमोर त्याचा सन लिहिल्याशिवाय चिठ्ठी हातातून खाली ठेवू नये. सन लिहिलेला नसेल तर त्याच नोंदीतील इतर नावे पाहावीत. मुहम्मद खान नियाझी यांना आष्टीसह काही परगणे जहांगीर बादशाहाच्या काळात मिळाले. जहांगीर इसवी १६०५ मध्ये गादीवर आला. तेव्हा १०३७ हा इसवी सनही नसणार आणि शकही नसणार, कारण शके १०३७ म्हणजे इसवी १११५. उरला तो हिजरी सनच.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. कोणतेही वर्ष हा एक बिंदू नसून ती एक व्याप्ती आहे. तिला आरंभ आहे आणि शेवट आहे. प्रत्येक चिठ्ठीवर ‘लवकरात लवकर केव्हा’ आणि ‘उशिरात उशिरा केव्हा’ अशा दोन तारखा लिहाव्यात. पहिल्या घटनेची उशिरातली तारीख दुसऱ्या घटनेच्या लवकरातल्या तारखेच्या आधी पडत असेल, तरच ‘पहिली आधी घडली’ असे ठामपणे म्हणता येते. दोन व्याप्ती एकमेकींवर चढत असतील तर केवळ तारखांवरून क्रम ठरत नाही. दुसरा पुरावा शोधावा लागतो.

हिजरी १०३७ : एका वर्षात तीन काळ

हिजरी वर्ष चांद्र आहे. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ३३ हिजरी वर्षांत जवळजवळ ३२ सौर वर्षे बसतात. यावरून इसवी वर्ष काढण्याची सोपी रीत अशी : हिजरी आकड्याला ३३ ने भागावे, आलेला भागाकार मूळ आकड्यातून वजा करावा आणि त्यात ६२२ मिळवावेत. १०३७ भागिले ३३ म्हणजे ३१.४२. ते वजा केल्यावर १००५.५८ उरतात आणि ६२२ मिळविल्यावर १६२७.५८ येतात. याचा अर्थ ते हिजरी वर्ष इसवी १६२७ च्या मध्यानंतर कधीतरी सुरू झाले. ही रीत अंदाजाची आहे, तिच्यात महिना-दीड महिन्याचा फरक पडू शकतो. गणिती कोष्टक पाहिले तर १ मुहर्रम १०३७ ही तारीख आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे १२ सप्टेंबर १६२७ ला येते आणि वर्षाची अखेर ३० ऑगस्ट १६२८ ला. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक मानावा.

आता आष्टीच्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहावे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये नवाबांचा मृत्यू हिजरी १०३७, इसवी १६२७ असा दिलेला आहे आणि पुढे पुष्कळ ठिकाणी फक्त १६२७ एवढेच उरले. परंतु त्या हिजरी वर्षाचे ३५४ पैकी केवळ १११ दिवस १६२७ मध्ये येतात. उरलेले २४३ दिवस १६२८ मध्ये. महिना ठाऊक नसेल तर १६२८ ची शक्यता १६२७ हून दुप्पट आहे. ज्याने ‘१६२७’ लिहिले त्याने वर्ष जेथे सुरू झाले तो इसवी आकडा घेतला, एवढेच. योग्य लेखन ‘हिजरी १०३७ (इ.स. १६२७-२८)’ असे आहे.

एका वर्षाच्या फरकाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. येथे बरेच बिघडते. २८ सफर १०३७ रोजी जहांगीर बादशाहाचा मृत्यू झाला. त्यानंतर काही महिने वारशाचा झगडा चालला आणि ८ जमादिउस्सानी १०३७ रोजी शाहजहान आग्र्यात तख्तावर बसला. म्हणजे एकाच हिजरी वर्षात तीन काळ आहेत : आरंभीचे जेमतेम दोन महिने जहांगीरचे, मधले सव्वातीन महिने तंट्याचे आणि शेवटचे साडेसहा महिने शाहजहानचे. ‘आष्टीचे नवाब जहांगीरच्या काळात वारले’ हे वाक्य सरसकट लिहिले जाते. ‘१०३७’ या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही. ‘ते जहांगीरच्या काळातील सरदार होते आणि ज्या वर्षी जहांगीरचा मृत्यू झाला त्याच हिजरी वर्षी वारले’ हे वाक्य मात्र पूर्णपणे सिद्ध होते.

येथे आणखी एक सवय जडवून घ्यावी. दोन तारखा एकाच सनातील असतील तर त्यांची तुलना त्याच सनात करावी, रूपांतर मागाहून करावे. जहांगीरच्या मृत्यूची तारीख इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा २८ ऑक्टोबर १६२७ अशी आढळते. ती त्या काळच्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची आहे. आजच्या ग्रेगरी दिनदर्शिकेने तोच दिवस ७ नोव्हेंबर होतो. एक तारीख जुन्या दिनदर्शिकेतून आणि दुसरी नव्या दिनदर्शिकेतून घेतली तर दहा दिवसांची खोटी चूक उभी राहते. ‘२८ सफर’ आणि ‘८ जमादिउस्सानी’ यांची तुलना करताना हा धोका उद्भवतच नाही.

दुसऱ्या मकबऱ्याच्या बाबतीत नशीब अनुकूल आहे. १ मुहर्रम १०६१ ही तारीख २५ डिसेंबर १६५० ला येते आणि वर्ष १३ डिसेंबर १६५१ ला संपते. आरंभीचा एक आठवडा सोडला तर सारे हिजरी वर्ष १६५१ मध्येच बसते, म्हणून ‘हिजरी १०६१, इ.स. १६५१’ असे लिहिण्यात अडचण नाही. दोन मृत्यूंमधील अंतर मात्र जपून सांगावे. १०६१ मधून १०३७ वजा करून ‘चोवीस वर्षे’ म्हणणे हिजरी हिशेबाने ठीक आहे. सौर हिशेबाने ती सव्वातेवीस वर्षेच होतात. माणसाचे वय किंवा कारकीर्द सांगताना कोणती वर्षे मोजली हे लिहावे.

आणि हेही विसरू नये की मृत्यूचे वर्ष म्हणजे इमारतीचे वर्ष नव्हे. काहींनी हयातीतच आपला मकबरा बांधून घेतला, काहींचा वारसांनी दहा-वीस वर्षांनी पुरा केला. आष्टीतील दोन मृत्यूंचा क्रम निश्चित आहे. त्यावरून दोन्ही इमारतींच्या बांधकामाची वर्षे ठरविता येणार नाहीत.

शके ८६२ : संवत्सराचा साक्षीदार

देवळीच्या ताम्रपटावरील ८६२ हा शालिवाहन शक आहे. शक चैत्रात सुरू होतो, म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या घटनेसाठी ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या घटनेसाठी ७९ मिळवावे लागतात. शके ८६२ म्हणजे इसवी ९४० च्या चैत्रापासून ९४१ च्या फाल्गुनापर्यंत.

शकाच्या बाबतीत एक छुपी अडचण असते. काही लेखांत चालू वर्ष मोजलेले असते, तर काहींत पूर्ण झालेली वर्षे. त्यामुळे एका वर्षाचा फरक पडतो. त्यावर उपाय लेखातच असतो, कारण शकाबरोबर बहुधा संवत्सराचे नाव दिलेले असते. साठ संवत्सरांचे चक्र आहे आणि प्रत्येक नाव साठ वर्षांनी परत येते. देवळीच्या ताम्रपटात शार्वरी संवत्सर आहे. आपल्या आठवणीतील शार्वरी संवत्सर शके १९४२ होते, म्हणजे इसवी २०२० च्या गुढीपाडव्यापासून पुढचे वर्ष. १९४२ मधून ८६२ वजा केले तर १०८० राहतात आणि १०८० म्हणजे बरोबर अठरा वेळा साठ. बाकी शून्य आली, याचा अर्थ शकाचा आकडा आणि संवत्सराचे नाव एकमेकांना दुजोरा देतात आणि आजच्या पंचांगाच्याच रीतीने हा शक मोजलेला आहे. बाकी १ किंवा ५९ आली असती तर चालू आणि पूर्ण वर्षांचा घोळ आहे असे समजावे लागले असते. दुसरीच एखादी बाकी आली असती तर आकडा वाचण्यात चूक आहे, नाहीतर लेखच संशयास्पद आहे.

वर्ष ११ : कोणाच्या राज्याचे?

पहिली चिठ्ठी सर्वांत अवघड दिसते. वाकाटक राजे आपल्या ताम्रपटांत सहसा कोणताही सन वापरीत नसत; ते आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत. दुसरा प्रवरसेन इसवीच्या पाचव्या शतकातील राजा आहे, परंतु त्याच्या राज्यारोहणाचे नेमके वर्ष विद्वान वेगवेगळे धरतात. म्हणून त्याच्या ‘वर्ष ११’ ला इसवी वर्ष चिकटविण्याचा मोह टाळावा आणि चिठ्ठीवर ‘पाचवे शतक’ एवढीच व्याप्ती लिहावी.

तरीही या आकड्यांतून क्रम मिळतो आणि तो पक्का असतो. हिंगणघाट भागातील जांब येथे याच राजाचा वर्ष २ चा ताम्रपट मिळाला. जांबचा ताम्रपट बेलोऱ्याच्या आधी नऊ वर्षे दिला गेला, हे पाचव्या शतकातील एकही इसवी वर्ष ठाऊक नसताना आपण खात्रीने सांगू शकतो. हे दोन्ही ताम्रपट नंदिवर्धन या राजधानीतून दिलेले आहेत. अमरावती जिल्ह्यातील चम्मकचा ताम्रपट वर्ष १८ चा असून तो प्रवरपुराहून दिलेला आहे. यावरून राजधानी वर्ष ११ नंतर आणि वर्ष १८ पर्यंत केव्हातरी हलली, असे अनुमान निघते. प्रवरपूर म्हणजे आपले पवनार, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते. काही संशोधक मनसरकडे बोट दाखवितात. स्थळाविषयी मतभेद असला तरी क्रमाला त्याचा धक्का लागत नाही.

येथे एका सापळ्यापासून सावध राहावे. पुण्यात मिळालेल्या वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटावर वर्ष १३ आहे आणि तोही नंदिवर्धनाहूनच दिलेला आहे. एखादा उत्साही अभ्यासक लगेच म्हणेल की, राजधानी वर्ष १३ नंतर हलली. परंतु हा ताम्रपट प्रभावतीने युवराज दिवाकरसेनाची माता म्हणून राज्यकारभार पाहत असताना दिला. ते तेरावे वर्ष त्या काळातील आहे, प्रवरसेनाच्या राज्याचे नव्हे. तो प्रवरसेनाच्या वर्ष २ च्याही आधीचा आहे. तेव्हा राज्यवर्ष दिसले की आदरणीय उमर (रजि.) यांच्यासारखाच प्रश्न विचारावा : कोणाचे वर्ष?

तेरावे शतक : कोणत्या सनाचे?

गिरडच्या बाबांविषयी गॅझेटियरमधील नोंद अशी की, ते हिंदुस्थानातून फिरत फिरत १२४४ च्या सुमारास गिरडला आले. हा आकडा कोणा शिलालेखातील नाही. तो श्रद्धावंतांच्या परंपरेतून आला आणि शतकांनंतर कागदावर चढला. परंपरेचा आदर ठेवूनही चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात : ‘परंपरेनुसार १२४४ च्या सुमारास’ आणि ‘व्याप्ती : तेरावे शतक’. तेरावे शतक म्हणजे १२०१ ते १३००. बाराशेचे आकडे तेराव्या शतकात येतात, ही साधी गोष्ट घाईत उलटी लिहिली जाते.

आता दुसरी एक घटना तिच्याशेजारी ठेवू. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी हिजरी ६९५ मध्ये, इसवी १२९६ च्या आरंभी झाली. बाबा गिरडला तिच्या आधी आले की नंतर? ‘तेरावे शतक’ एवढेच हाती असेल तर त्या शतकात १२९६ ही येते आणि उत्तर मिळत नाही. परंपरेचे १२४४ मानले तर बाबा अर्धशतक आधी आले. म्हणून प्रामाणिक वाक्य असे होईल : ‘परंपरेनुसार ते देवगिरीच्या स्वारीपूर्वी आले.’ ‘परंपरेनुसार’ हा शब्द गाळला की अनुमानाचे विधान होते आणि पुढचा लेखक त्यालाच पुरावा मानतो.

उर्दू पुस्तके वाचणाऱ्या घरांत शतकांचा याहून मोठा घोटाळा होतो. उर्दूत ‘सातवीं सदी’ असे लिहिलेले असते आणि लेखकाच्या मनात हिजरी शतक असते. हिजरीचे सातवे शतक ६०१ ते ७०० पर्यंतचे, म्हणजे इसवी १२०४ ते १३०१. मराठीत उतरविताना ‘सातव्या शतकात’ असे लिहिले की एखादे सूफी बुजुर्ग थेट सहाबांच्या काळात जाऊन बसतात. उलट ‘तेरहवीं सदी हिजरी’ म्हणजे इसवी १७८६ ते १८८३. तेथील ‘हिजरी’ शब्द गळाला तर इंग्रजी काळातील माणूस यादवांच्या काळात जातो. सहाशे वर्षांची चूक एका शब्दाने होते आणि त्याच एका शब्दाने टळते.

घरातील कागद : सन १२७०

सातवी चिठ्ठी आपल्या पेटीतील असू शकते. जुन्या जमिनीच्या किंवा इनामाच्या कागदावर ‘सन १२७०’ असे असते आणि घरातील मंडळी तो हिजरी समजतात. परंतु महसुली कागदांवर फसली सन चाले. फसली हा पिकांच्या हंगामासाठी हिजरीच्याच आकड्यावरून सुरू केलेला सौर सन आहे. दख्खनी फसली शाहजहानच्या काळात हिजरी १०४६ च्या आकड्यापासून निघाला. त्यानंतर हिजरी वर्षे लहान असल्याने ती पुढे सरकत गेली आणि फसली मागे राहिला. दख्खनी फसलीत ५९० मिळविले की त्या वर्षाच्या आरंभीचे इसवी वर्ष येते.

हिजरी १२७० म्हणजे ऑक्टोबर १८५३ ते सप्टेंबर १८५४. याच वर्षात, ११ डिसेंबर १८५३ रोजी, नागपूरचे तिसरे रघोजी भोसले वारले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले. फसली १२७० मात्र इसवी १८६० मध्ये सुरू होतो. उत्तरेकडील फसलीच्या हिशेबाने आणखी दोन वर्षे पुढे. म्हणजे ‘१२७०’ चा कागद हिजरी असेल तर भोसल्यांच्या अखेरीचा असू शकतो आणि फसली असेल तर निश्चितच इंग्रजी अमलातील. ‘आमचे इनाम भोसल्यांनी दिले’ हा दावा या एका अक्षरावर उभा राहतो किंवा कोसळतो. ओळखण्याची खूण कागदातच असते : अरबी महिना आणि तारीख दिलेली असेल तर बहुधा हिजरी, पीक, हंगाम, वसूलबाकी अशी भाषा असेल तर फसलीचा संशय घ्यावा, आणि अंमलदाराचे पद व मोहोर कोणत्या राजवटीची आहे हे पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

क्रम लावल्यावर

आता सहा चिठ्ठ्या पुन्हा मांडू. प्रवरसेनाचे ताम्रपट पाचव्या शतकात, त्यांत जांब आधी आणि बेलोरा नंतर. मग देवळी, शके ८६२, इ.स. ९४०-४१. मग गिरड, परंपरेनुसार १२४४ च्या सुमारास. मग आष्टीतील पहिला मृत्यू, हिजरी १०३७, इ.स. १६२७-२८, आणि दुसरा, हिजरी १०६१, इ.स. १६५१. शेवटी जिल्ह्याची निर्मिती, १८६२. या सहा घटनांच्या व्याप्ती कोठेही एकमेकींवर चढत नाहीत, म्हणून हा क्रम निर्वेध आहे. चढतात त्या फक्त दोन जागी : गिरडचे ‘तेरावे शतक’ देवगिरीच्या स्वारीवर आणि आष्टीचे ‘१०३७’ जहांगीरच्या मृत्यूवर. त्या दोन जागी आपण क्रम सांगायचा नाही, व्याप्ती सांगायची.

मस्जिदीच्या, दर्ग्याच्या किंवा घराण्याच्या इतिहासाचा फलक लावताना मूळ आकडा मूळ सनासह आधी लिहावा आणि रूपांतर कंसात द्यावे. रूपांतर चुकले तरी मूळ आकडा वाचकाच्या हाती राहतो आणि चूक दुरुस्त करता येते. मूळ पुसून फक्त इसवी वर्ष कोरले तर ती चूक दगडात कायम होते. दिव्य कुरआनने सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा दिली आहे. आपल्या पूर्वजांविषयीची बातमीही बातमीच आहे. फलकावर आकडा कोरण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे : कोणता सन, कोणाचे वर्ष, कोणता शाबान?